चार्जिंगला लावलं की इयरफोनमध्ये घुरघुर : दोन आठवड्यांच्या नोंदी

6 जुलै 2025, रविवार

वहिनी घरी बसून व्याख्यानांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम करते. दिवसाला सहा-सात तास कानात इयरफोन असतात, आणि तेही वायरचे, कारण ब्लूटूथवाल्याची बॅटरी एवढी पुरत नाही. गेले दहा दिवस ती सांगतेय, "भावजी, फोन चार्जिंगला लावला की कानात घुरघुर चालू होते. वक्ता हळू बोलला की शब्दच कळत नाही." जुना चार्जर पाण्यात पडल्यावर दादाने एसटी स्टँडसमोरच्या टपरीवरून 120 रुपयांना नवा आणला होता. त्यावर 5V 2A छापलंय, कंपनीचं नाव ओळखीचं नाही.

आज मी स्वतः ऐकलं. एक नाही, दोन आवाज आहेत. एक जाडसर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. दुसरा बारीक, शिट्टीसारखा, मध्येच येणारा. व्हॉल्यूम पूर्ण खाली नेला तरी पहिला आवाज तसाच राहतो. म्हणजे तो गाण्याबरोबर येत नाही, व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी घुसतोय.

एका गोष्टीने तासभर चकवलं. रेकॉर्डिंग थांबवलं की चार-पाच सेकंदांनी घुरघुरही बंद व्हायची. मला वाटलं अ‍ॅपमध्येच गडबड आहे, म्हणून तीन वेगळी अ‍ॅप टाकून पाहिली. नंतर लक्षात आलं की वाजवायला काही नसलं की फोन इयरफोनचा अ‍ॅम्प्लिफायर झोपवतो, आणि त्याबरोबर आवाजही थांबतो. अ‍ॅपचा काही संबंध नाही.

8 जुलै, मंगळवार

आज फक्त एकेक गोष्ट बदलून पाहिली.

पॉवर बँकेवर फोन चार्ज केला, अगदी शांत. केबल तीच, फोन तोच, इयरफोन तेच. ही चाचणी फुकटची आहे आणि सगळ्यात आधी हीच करायला हवी होती. दोष फोनचा नाही हे पाच मिनिटांत कळतं.

दुसरी केबल लावून त्याच स्वस्त चार्जरवर पाहिलं, घुरघुर तशीच. दुसरे इयरफोन लावले, तशीच. ब्लूटूथ इयरफोन, शांत. फोनचा स्वतःचा स्पीकर लावला, तोही शांत. स्पीकर शांत का, हे तेव्हा कळलं नाही, पण नोंद करून ठेवली. पुढे हाच धागा कामाला आला.

9 जुलै, बुधवार

आज पैसे वाया गेले. गाडीच्या ऑक्सला वापरतात तो ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, 260 रुपये. एका बाजूला 3.5 मिमीची पिन, दुसऱ्या बाजूला सॉकेट, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. फोन आणि इयरफोन यांच्यामध्ये लावला. घुरघुर तसूभरही कमी झाली नाही, उलट बोलणाऱ्याच्या आवाजातला भरीवपणा गेला. एवढे छोटे ट्रान्सफॉर्मर इयरफोनच्या 16 किंवा 32 ओहमला जाड आवाज देऊच शकत नाहीत.

तो का चालला नाही ते आता समजतंय. फोन एका चार्जरवर, गाडीचा स्टीरिओ दुसऱ्या वायरिंगवर आणि दोघांमध्ये ऑक्सची वायर, असं असेल तर दोन ग्राउंड, म्हणजे परतीच्या वायरी, एकमेकींना भिडतात. आयसोलेटर ती भेट तोडतो. इथे दुसरं उपकरणच नाही. इयरफोन फक्त फोनला लोंबकळतात. आवाज जॅकपर्यंत येईतो त्यात घुरघुर मिसळलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मर मिसळलेला आवाज जसाच्या तसा पुढे देतो.

केबलवर चिमट्यासारखी बसवायची फेराइटची गुंडीही आणली, 70 रुपये. जाड आवाजावर तिचा काहीच परिणाम नाही.

11 जुलै, शुक्रवार

वहिनीने आज आणखी दोन तक्रारी सांगितल्या. चार्जिंग चालू असताना इयरफोनच्या माइकवरून फोन केला की पलीकडच्याला भुणभुण ऐकू जाते. आणि फोनच्या धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात, विशेषतः फरशी पुसल्यावर, पाय ओले असताना.

मला वाटलं, सापडलं! मुंग्या येतात म्हणजे गळती आहे, तीच घुरघुर. थ्री-पिन टॉपमध्ये फक्त अर्थच्या पिनेला वायर जोडली आणि चार्जरच्या यूएसबीचं धातूचं आवरण ते अर्थ यांच्यात मल्टिमीटर एसीवर लावला. 200 व्होल्टच्या वर! घाबरून दादाचा ब्रँडेड चार्जर मोजला, तर तोही शंभराच्या आसपास. मग चांगला आणि वाईट यात फरक काय उरला?

चूक मोजण्याच्या पद्धतीत होती. चांगल्या मीटरचा आतला रोध इतका मोठा असतो की करंट नावापुरता असला तरी व्होल्टेज मोठं दिसतं. अंगाला जाणवतो तो करंट. म्हणून 100 किलोओहमचा रेझिस्टर आवरण आणि अर्थ यांच्यात लावला आणि त्याच्यावरचं एसी व्होल्टेज मोजलं. आलेल्या व्होल्टला दहाने गुणलं की मायक्रोअँपिअर मिळतात.

दादाचा चार्जर : 3.6 व्होल्ट, म्हणजे 36 मायक्रोअँपिअर. प्लग उलटा घातला, जवळपास तेवढेच.

टपरीवरचा चार्जर : 15.4 व्होल्ट, म्हणजे 154 मायक्रोअँपिअर. प्लग उलटा घातला, आणि 0.5 व्होल्ट!

आपल्याकडची दोन पिनांची प्लग सॉकेटमध्ये कशीही बसते, त्यामुळे ही तुलना सहज करता येते. उलट्या प्लगने मुंग्या गेल्या, आणि पलीकडच्या माणसाची भुणभुणही गेली. मी आनंदाने वहिनीला हाक मारली. तिने कानात इयरफोन घातले आणि म्हणाली, "भावजी, माझ्या कानात आहे तशीच आहे की."

खरंच तशीच होती. संध्याकाळ गेली, पण हे कळलं की आजार दोन आहेत. पलीकडच्याला ऐकू जाणारी भुणभुण आणि मुंग्या हा एक, वहिनीच्या कानातली घुरघुर हा दुसरा.

12 जुलै, शनिवार

आवाजाची वारंवारता बघायची ठरवली. इयरफोनचं एक बोंड लॅपटॉपच्या बाहेरच्या छोट्या माइकला रबर बँडने बांधलं, अर्धा मिनिट रेकॉर्ड केलं आणि ऑडॅसिटीमध्ये `Analyze > Plot Spectrum` उघडलं. सगळीकडे 50 हर्ट्‌झचा सुळका. पॉवर बँकेवरही तोच सुळका! तीन तास माइकच्या वायरी बदलत बसलो. शेवटी बघतो तर लॅपटॉप स्वतः चार्जिंगला होता आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याचीच घरघर येत होती.

13 जुलै, रविवार

लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर सगळं पुन्हा केलं. पॉवर बँकेवर रेष सपाट. टपरीच्या चार्जरवर 50, 100, 150, 200 असे सुळके, कंगव्याच्या दातांसारखे थेट दोन हजारांच्या पुढेपर्यंत. इयरफोन 50 हर्ट्‌झ जेमतेम वाजवतात. कानाला घुरघुर म्हणून जे ऐकू येतं ते हे वरचे दात.

इथे एक खूण आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची. चार्जरच्या तोंडाशी चार डायोडचा पूल असेल तर एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरल्या जातात आणि उरलेली थरथर 100 हर्ट्‌झची असते. इथे 50 दिसतंय. म्हणजे एक तर हवेतून किंवा अंगातून मेनची भुणभुण शिरतेय, नाहीतर चार्जरमध्ये एकच डायोड आहे आणि अर्धी लाट वायाच जाते.

दोन्हींतलं कोणतं, हे ठरवायला दिवसभराची चाचणी केली. सकाळी नऊला फोन 18 टक्क्यांवर असताना लावला आणि दर अर्ध्या तासाने ऐकलं. 100 टक्के व्हायला दुपारचे साडेतीन वाजले. 18 पासून साधारण 85 टक्क्यांपर्यंत घुरघुर एकसारखी जोरात. तिथून पुढे कमी होत गेली, 95 ला जवळपास नाहीशी. पण त्याच सुमाराला बारीक शिट्टी वाढली.

म्हणजे घुरघुर चार्जिंगच्या करंटबरोबर चालते. बॅटरी भरत आली की फोन करंट कमी घेतो आणि घुरघुर ओसरते. अंगातून जाणाऱ्या गळतीला बॅटरी किती भरली याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती दिवसभर सारखीच राहिली असती. हातात मल्टिमीटर नसलेल्यांनीही ही चाचणी करावी : 20 टक्क्यांवर ऐका, 97 टक्क्यांवर ऐका. फरक पडला तर दोष गळतीचा नाही, चार्जरच्या आउटपुटचा आहे.

15 जुलै, मंगळवार

तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांनी व्होल्टेजची रेषा दाखवणारा ऑसिलोस्कोप अर्धा तास वापरू दिला. चार्जरच्या आउटपुटला 10 ओहमचा 5 वॉटचा रेझिस्टर लावला, म्हणजे अर्धा अँपिअर. रेषा 4.9 व्होल्टवर बऱ्यापैकी सरळ. त्याच्या जोडीला तसाच दुसरा समांतर लावला, म्हणजे एक अँपिअर. दर 20 मिलिसेकंदांनी रेषा खाली कोसळली, साडेतीन व्होल्टपर्यंत, आणि पुन्हा वर आली. 20 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला 50 वेळा.

सर म्हणाले, "हा चार्जर एक अँपिअरचाही नाही. दोन अँपिअर फक्त स्टिकरवर आहेत."

आता कानापर्यंतचा रस्ता. हा फोन मी मागच्या वर्षी चार्जिंगची पिन बदलायला उघडला होता, म्हणून आत काय आहे माहीत आहे. चार्जिंगचा सॉकेट आणि इयरफोनचा जॅक दोन्ही खालच्या छोट्या बोर्डवर आहेत. तिथून एक पातळ स्ट्रिप वरच्या मुख्य बोर्डला जाते. बॅटरी, चार्जिंगचा आयसी आणि आवाजाचा आयसी वर आहेत. चार्जिंगचा करंट त्या स्ट्रिपमधून वर जातो आणि ग्राउंडच्या पट्ट्यांतून परत खाली येतो. इयरफोनचं ग्राउंडही खालच्या बोर्डलाच टेकलेलं.

स्ट्रिपच्या ग्राउंडचा रोध समजा एका ओहमचा पन्नासावा भाग, 0.02 ओहम. चार्जरचं व्होल्टेज कोसळू लागलं की फोनमधला चार्जिंगचा आयसी चार्जर बंद पडू नये म्हणून करंट आखडता घेतो आणि व्होल्टेज सावरलं की पुन्हा वाढवतो. म्हणजे करंट सेकंदाला 50 वेळा अर्धा अँपिअर खाली-वर होतो. 0.5 गुणिले 0.02 म्हणजे 10 मिलिव्होल्ट. आवाजाचा आयसी ज्याला शून्य समजतो आणि इयरफोन ज्याला शून्य समजतो, त्या दोन ठिकाणांमध्ये ही 10 मिलिव्होल्टची थरथर उभी राहते. हळू आवाजातलं बोलणं इयरफोनला वीस-तीस मिलिव्होल्टच देत असतं, मग ती ऐकू येणारच. व्हॉल्यूम खाली नेऊन फायदा नव्हता, कारण थरथर व्हॉल्यूमच्या नंतर, परतीच्या वायरीत मिसळते.

आणि फोनचा स्पीकर शांत का, तेही सुटलं. स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायरमधूनच येतात. त्याची परतीची वाट ग्राउंडमधून जात नाही, म्हणून ग्राउंड हललं तरी त्याला कळत नाही.

ज्या फोनमध्ये जॅक वरच्या बाजूला मुख्य बोर्डवरच असतो, तिथे हाच चार्जर कमी त्रास देईल. एकाच चार्जरवर एकाचा फोन घुरघुरतो आणि दुसऱ्याचा नाही, हे त्यामुळे होऊ शकतं.

16 जुलै, बुधवार

चार्जर उघडला. आधी सावधगिरीचं सांगतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी साचतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. 10 किलोओहमचा 2 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी दोन्ही पायांना लावून तो रिकामा केला, मीटरने शून्य पाहिलं, मगच बोर्डला हात लावला. मेनवर काम करायची सवय नसेल तर या नोंदीपाशीच थांबा. पुढचं सगळं मी कारण शोधण्यासाठी केलं, चार्जर वापरात आणण्यासाठी नाही.

आत मोजून दोन डझनही सुटे भाग नाहीत. तोंडाशी एकच डायोड, 1N4007. अंदाज बरोबर निघाला. त्यामागे 2.2 मायक्रोफॅरड 400 व्होल्टचा कपॅसिटर, 13001 नावाचा एक ट्रान्झिस्टर, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि आउटपुटला 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

हिशोब कागदावर केला. 2.2 मायक्रोफॅरड 325 व्होल्टला 0.116 ज्यूल साठवतो. एकच डायोड असल्यामुळे तो 20 मिलिसेकंदांतून एकदाच भरतो, आणि भरण्याचा वेळ सोडला तर साधारण 17 मिलिसेकंद त्याच साठ्यावर काढायचे. फोनला 5 वॉट हवेत, असला चार्जर वाटेत तिसरा हिस्सा उष्णतेत घालवतो असं धरलं, तर मेनकडून साडेसात वॉट लागतात. 7.5 गुणिले 0.017 म्हणजे 0.13 ज्यूल. साठा 0.116, गरज 0.13. पुढची लाट यायच्या आत टाकी कोरडी! अर्ध्या अँपिअरला गरज निम्मी, म्हणून स्कोपवर तेव्हा रेषा सरळ होती.

उलट्या प्लगचं कोडंही इथे सुटलं. एकच डायोड असल्यामुळे आतल्या सर्किटची निगेटिव्ह बाजू मेनच्या एका पिनेला थेट जोडलेली आहे. प्लग एका बाजूने घातला तर ती न्यूट्रलवर, दुसऱ्या बाजूने घातला तर फेजवर. तिथून आउटपुटकडे 222 लिहिलेला निळा चकतीसारखा कपॅसिटर जातो, म्हणजे 2.2 नॅनोफॅरड. 50 हर्ट्‌झला त्याचा रोध साधारण 1.45 मेगाओहम. 230 व्होल्ट भागिले तेवढा म्हणजे 159 मायक्रोअँपिअर, आणि मी मोजले होते 154. न्यूट्रलवर असताना ढकलायला व्होल्टेजच नाही, म्हणून जवळपास शून्य. पुलाच्या चार्जरमध्ये हा भेद राहत नाही, म्हणून दादाच्या चार्जरवर प्लग उलटा केल्याने फरक पडला नव्हता.

माइकला भुणभुण का, हेही याच गळतीमुळे. अख्खा फोन जमिनीच्या मानाने 50 हर्ट्‌झने हलत असतो, माणूस नसतो. बोट किंवा गाल माइकच्या बारीक वायरीजवळ आला की ती हालचाल थोडी तिच्यात उतरते, आणि माइकचा सिग्नल मुळातच इतका लहान की तेवढीही पुरते. इयरफोनच्या दणकट सिग्नलला ती भीती नाही.

त्या निळ्या चकतीवर नुसतं 222 आणि 1KV लिहिलंय. या जागी सहसा शॉर्ट न होणारा, Y1 प्रकारचा कपॅसिटर हवा, कारण इथला कपॅसिटर शॉर्ट झाला तर मेन थेट माणसाच्या हातात येते. Y1 असता तर चकतीवर तसं लिहिलेलं असतं. हे पाहिल्यावर चार्जर पुन्हा वापरायचा नाही, हे ठरलं.

17 जुलै, गुरुवार

तरी कारण सिद्ध करायचं होतं. 10 मायक्रोफॅरड 400 व्होल्टचा कपॅसिटर आणला, 15 रुपये. पेटीत मावत नाही, म्हणून बोर्ड लाकडी फळीवर उघडाच ठेवला आणि 60 वॉटच्या सिरीज बल्बमधून चालू केला. ठीक चालला. मग सिरीज बल्ब काढून थेट सॉकेटला लावला, आणि टक् असा आवाज होऊन सगळं बंद.

तोंडाशी असलेला छोटा रेझिस्टर उडाला होता. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी हवा तेवढा करंट ओढतो. कपॅसिटर जवळपास पाचपट केला आणि रेझिस्टर तोच ठेवला, ही माझी चूक. बल्बमध्ये तो करंट अडत होता, म्हणून आधी कळलं नाही. पावसामुळे दुकान बंद होतं, दिवस गेला.

18 जुलै, शुक्रवार

10 ओहमचा 1 वॉटचा फ्युजिबल रेझिस्टर लावला, 3 रुपये. चालू. 21 टक्क्यांवरचा फोन लावला, कानात इयरफोन. घुरघुर गेली. अगदी शांत खोलीत कान देऊन ऐकलं तर तळाशी काहीतरी आहे असं वाटतं, एवढीच. रेकॉर्डिंगमध्ये कंगव्याचे दात जवळपास दिसेनासे झाले. नवा कपॅसिटर 0.53 ज्यूल साठवतो, त्यातले 0.13 गेले तरी व्होल्टेज 280 च्या खाली जात नाही.

शिट्टी मात्र उरली, आणि 90 टक्क्यांनंतर तशीच वाढते. हा एका ट्रान्झिस्टरचा चार्जर स्वतःच्या लयीत उघड-मीट करतो. भार असताना ती लय सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा, कानाच्या पल्याड. भार कमी झाला की तो थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो, आणि ही चालण्या-थांबण्याची लय कानाला ऐकू येण्याएवढी संथ होते. आउटपुटला आतला रोध कमी असलेला, लो-ईएसआर 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर शिट्टी निम्म्याने कमी झाली, पूर्ण गेली नाही.

19 जुलै, शनिवार

अजून एक चूक, मुद्दाम लिहितो, कारण बरेचजण हाच उपाय सुचवतात. मुंग्यांचं मूळ तो निळा कपॅसिटर, मग तो काढूनच टाकला तर? काढला. मुंग्या गेल्या, 100 किलोओहमवर दोन्ही बाजूंनी अर्ध्या व्होल्टच्या आत. पण इयरफोनमध्ये नवीच खरखर सुरू झाली आणि फोनची स्क्रीन वेडी झाली. एका जागी बोट ठेवलं की दुसरंच बटण दाबलं जायचं. वहिनीने टाइप करून पाहिलं तर दर दोन शब्दांनी चूक.

ट्रान्झिस्टरच्या उघड-मीटीचा झटका ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्यांमधून आउटपुटकडे उडी मारत असतो. तो निळा कपॅसिटर त्याला परत मागे जायला जवळची वाट देतो. वाट काढून घेतली की तोच झटका केबल, फोन, बोट, माणूस, जमीन असा लांबचा फेरा घेतो, आणि बोटाचा स्पर्श ओळखणारी स्क्रीन त्यात गोंधळते. काढू नका. तो योग्य प्रकारचा हवा आणि त्याचं माप लहान हवं, एवढंच.

20 जुलै, रविवार

नवा चार्जर आणला, 449 रुपये. घेताना दुकानात तीन गोष्टी पाहिल्या : भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, त्यासोबत IS 13252 आणि R- ने सुरू होणारा क्रमांक. तो क्रमांक ब्यूरोच्याच BIS Care अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, आणि ते पेटीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. पहिल्या दुकानातल्या चार्जरवर चिन्ह होतं, पण क्रमांक अ‍ॅपमध्ये सापडला नाही. तो परत ठेवला.

घरी आल्यावर मोजमाप : 100 किलोओहमवर 3.2 व्होल्ट, प्लग दोन्ही बाजूंनी सारखंच. 19 टक्क्यांवर इयरफोन शांत. 97 टक्क्यांवरही शांत. मुंग्या म्हणावं तर ओल्या पायांनी कडेवरून बोटाची पाठ हलकेच फिरवली की किंचित खरखरीत लागतं. दोन पिनांच्या जवळजवळ प्रत्येक चार्जरला एवढं असतं.

एकूण खर्च : आयसोलेटर 260, फेराइट 70, सुटे भाग 40, नवा चार्जर 449. यातले 330 रुपये आणि चार संध्याकाळी वाचल्या असत्या, जर पॉवर बँक, 20 आणि 97 टक्के, आणि उलटा प्लग या तीन चाचण्या पहिल्याच दिवशी केल्या असत्या.

टपरीवरच्या चार्जरच्या प्लगच्या पिना कापून टाकल्या, म्हणजे कुणी चुकून लावणार नाही. बोर्ड मात्र डब्यात ठेवलाय, त्यावर चिठ्ठी चिकटवली : "एक डायोड, 2.2 मायक्रो, 50 हर्ट्‌झ". वहिनीने संध्याकाळी दीड तासाचं एक व्याख्यान सलग टाइप केलं. मध्ये एकदाच हाक मारली, फोन खरंच चार्जिंगला लागलाय ना, हे विचारायला.